n वजा एकमधला ‘एक’

फोटो फळ्याचा आहे. मागच्या बाकावरून मोबाइलने काढलेला, जरा तिरका, पण अक्षर लागतं. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये असे फोटो ढिगाने सापडतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते या हातातून त्या हातात फिरतात. या फोटोत फक्त चार ओळी आहेत:

```
Σ(xᵢ − x̄)² = Σ(xᵢ − μ)² − n(x̄ − μ)²

E[Σ(xᵢ − x̄)²] = nσ² − σ²

              = (n − 1)σ²

∴ s² = Σ(xᵢ − x̄)² / (n − 1)
```

विषय आहे नमुन्यावरून व्हेरियन्स काढण्याचा. आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत हे सांगणारं माप म्हणजे व्हेरियन्स. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची. सरासरी काढायची म्हणजे n ने भागायचं, हे आपण शाळेपासून करत आलो. इथे मात्र फळा सांगतो की n ने नको, n − 1 ने भागा. का, याचं उत्तर या चार ओळींत असायला हवं.

खुणांचा अर्थ आधी लावून घेऊ. μ ही ज्या मोठ्या गटातून नमुना घेतला त्या मूळ गटाची खरी सरासरी आणि σ² हा त्याच मूळ गटाचा खरा व्हेरियन्स. या दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक नसतात. x̄ ही हातातल्या n आकड्यांची सरासरी, ती आपण काढू शकतो. E म्हणजे अपेक्षित मूल्य: असे नमुने पुन्हा पुन्हा घेत राहिलो तर त्या राशीची जी सरासरी येईल ती.

आता ओळी वाचू. दुसरीवरून तिसरी ही साधी वजाबाकी आहे. तिसरीवरून चौथीही सरळ आहे: डाव्या बाजूची अपेक्षा (n − 1)σ² असेल, तर n − 1 ने भागल्यावर अपेक्षा नेमकी σ² उरते. अशा अंदाजाला अनबायस्ड म्हणतात. एखादा नमुना वर चुकेल, एखादा खाली चुकेल, पण सगळ्या नमुन्यांची मिळून सरासरी खऱ्या आकड्यावर येते. राहता राहिली पहिलीवरून दुसरीकडे जाणारी उडी. पहिल्या ओळीत शेवटी n(x̄ − μ)² आहे आणि दुसऱ्या ओळीत त्याच्या जागी नुसता σ² बसला आहे. n कुठे गेला? नमुन्याच्या सरासरीबद्दलच्या पदातून मूळ गटाचा व्हेरियन्स कसा निघाला? मधली पायरी फळ्यावर नाही. शिकवताना ती तोंडी सांगितली गेली असेल, किंवा सगळ्यांना येते असं समजून सोडली असेल. पण n − 1 मधला ‘एक’ जन्माला येतो तो नेमका त्या पायरीत. बाकीच्या ओळी त्याची फक्त ने-आण करतात.

पहिली ओळ तरी पक्की आहे ना, हे पाहून घेऊ. कोणत्याही आकड्याचं μ पासूनचं अंतर दोन टप्प्यांत मोजता येतं: आकड्यापासून x̄ पर्यंत आणि x̄ पासून μ पर्यंत. म्हणजे xᵢ − μ = (xᵢ − x̄) + (x̄ − μ). दोन्ही बाजूंचे वर्ग करून सगळ्या आकड्यांची बेरीज घेतली की मधलं पद 2(x̄ − μ)Σ(xᵢ − x̄) असं येतं. स्वतःच्या सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज नेहमी शून्य असते, म्हणून ते पद नाहीसं होतं. उरतं ते असं:

```
Σ(xᵢ − μ)² = Σ(xᵢ − x̄)² + n(x̄ − μ)²
```

शेवटचं पद डावीकडे नेलं की फळ्यावरची पहिली ओळ मिळते. इथे अपेक्षा, संभाव्यता यांतलं काहीच आलेलं नाही. कुठलेही n आकडे घ्या आणि μ च्या जागी कुठलीही संख्या ठेवा, हे समीकरण खरंच राहील.

ही ओळ एक महत्त्वाची गोष्ट सांगते. n(x̄ − μ)² कधी ऋण होत नाही. म्हणून x̄ पासून मोजलेल्या वर्गांची बेरीज μ पासून मोजलेल्या बेरजेपेक्षा कधीच मोठी नसते, आणि x̄ व μ अगदी एक झाले तरच ती तेवढी होते. म्हणजे खऱ्या सरासरीऐवजी नमुन्याची सरासरी वापरली की विखुरणं कमीच दिसणार. कारण x̄ ही त्याच आकड्यांमधून काढलेली आहे. नमुना योगायोगाने वरच्या बाजूला गेला तर x̄ ही त्याच्याबरोबर वर सरकते आणि आकडे तिच्या जवळच दिसतात. भरपाई करायला हवी हे पहिल्या ओळीनेच सिद्ध झालं. किती करायला हवी हे मात्र ती ओळ सांगत नाही.

किती, हे आधी मोजून पाहू. चार चिठ्ठ्या घ्या. त्यांवर 3, 5, 7, 9 लिहा. मूळ गट एवढाच, त्यामुळे इथे सगळं खरं उत्तर आपल्या हातात आहे: μ = 6, आणि अंतरांचे वर्ग 9, 1, 1, 9, म्हणून σ² = 20 ÷ 4 = 5. आता एक चिठ्ठी काढा, आकडा टिपा, चिठ्ठी परत टाका, आणि दुसऱ्यांदा काढा. हा दोन आकड्यांचा नमुना झाला. असे एकूण 16 नमुने होऊ शकतात आणि प्रत्येकाची शक्यता सारखी.

दोन आकड्यांच्या नमुन्यात n ने भागून काढलेला व्हेरियन्स म्हणजे दोघांतल्या फरकाच्या निम्म्याचा वर्ग. 16 पैकी 4 नमुन्यांत दोन्ही आकडे एकच येतात, तिथे तो 0. 6 नमुन्यांत फरक 2 असतो, तिथे 1. 4 नमुन्यांत फरक 4, तिथे 4. आणि 2 नमुन्यांत, म्हणजे 3 व 9 किंवा 9 व 3, फरक 6, तिथे 9. बेरीज झाली 0 + 6 + 16 + 18 = 40. तिला 16 ने भागलं की 2.5. खरा व्हेरियन्स 5 असताना आपली रीत सरासरीने 2.5 सांगते. म्हणजे अर्धाच. n ऐवजी n − 1 ने, म्हणजे 2 ऐवजी 1 ने भागलं, तर प्रत्येक आकडा दुप्पट होतो आणि सरासरी येते 5.

उत्तर जुळलं, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हरवलेले 2.5 कुठे गेले हे शोधणं. त्याच 16 नमुन्यांच्या सरासरी पाहा: 3 एकदा, 4 दोनदा, 5 तीनदा, 6 चारदा, 7 तीनदा, 8 दोनदा, 9 एकदा. या x̄ च्या 6 पासूनच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घेतली तर 9 + 8 + 3 + 0 + 3 + 8 + 9 = 40, आणि 40 ÷ 16 = 2.5. हरवलेलं विखुरणं नष्ट झालेलं नाही. ते नमुन्याच्या आत न दिसता नमुन्यानमुन्यांमध्ये दिसतं आहे. खऱ्या 5 पैकी 2.5 नमुन्याच्या आत राहिले आणि 2.5 x̄ च्या स्वतःच्या हेलकाव्यात गेले. पहिली ओळ n ने भागून वाचली तर ती हेच म्हणते.

म्हणजे सगळा प्रश्न x̄ किती हेलकावते यावर येऊन थांबला. गाळलेली पायरी त्याचंच उत्तर आहे. ती आता पूर्ण लिहू. x̄ चं μ पासूनचं अंतर म्हणजे सगळ्या आकड्यांच्या अंतरांची सरासरी:

```
x̄ − μ = (1/n) Σ(xᵢ − μ)
```

याचा वर्ग केला की कंसात दोन प्रकारची पदं तयार होतात. एक, प्रत्येक अंतराचा स्वतःशी गुणाकार, म्हणजे (xᵢ − μ)². अशी n पदं. दोन, एका अंतराचा दुसऱ्याशी गुणाकार, म्हणजे (xᵢ − μ)(xⱼ − μ). अशी n(n − 1) पदं. पहिल्या प्रकारच्या प्रत्येक पदाची अपेक्षा व्याख्येनेच σ². दुसऱ्या प्रकारच्या पदांची अपेक्षा किती? पहिला आकडा μ च्या वर आला म्हणून दुसरा वर येण्याची किंवा खाली येण्याची शक्यता बदलत नसेल, म्हणजे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर हे गुणाकार जितके धन तितकेच ऋण होतात आणि अपेक्षा शून्य येते. चिठ्ठ्यांमध्ये अंतरं −3, −1, 1, 3 अशी आहेत. दोन स्वतंत्र चिठ्ठ्यांच्या अंतरांचे 16 गुणाकार करून बेरीज घेतली की ती नेमकी 0 येते. म्हणून

```
E[(x̄ − μ)²] = (1/n²)(nσ² + 0) = σ²/n

E[n(x̄ − μ)²] = n · σ²/n = σ²
```

n कुठे गेला याचं उत्तर मिळालं. बाहेरच्या n ने आतल्या n ला काटलं. नमुना मोठा झाला की x̄ चा हेलकावा σ²/n इतका लहान होतो, पण त्या लहान हेलकाव्याची चूक n आकड्यांच्या प्रत्येक अंतरात शिरते. दोन्ही मिळून नुकसान दर वेळी एका σ² इतकंच होतं. नमुना 4 चा असो वा 4,000 चा. nσ² मधून एक σ² गेला आणि (n − 1)σ² उरला. n − 1 मधला एक हा तो एक.

मूळ गटाची खरी सरासरी आधीच ठाऊक असेल तर हे नुकसान होतच नाही. एखाद्या तराजूची अचूकता तपासायला 100 ग्रॅमचं प्रमाणित वजन पुन्हा पुन्हा तोललं, आणि तराजू सरासरीने बरोबर दाखवतो अशी खात्री असेल, तर अंतरं 100 पासून मोजायची आणि n नेच भागायचं. तिथे एक वजा करणं चूक ठरेल.

हे नुकसान एकाच σ² चं असल्यामुळे मोठ्या नमुन्यात ते जाणवत नाही. 1,000 आकड्यांत n आणि n − 1 मधला फरक हजारात एक एवढा. चार आकड्यांत मात्र चौथा हिस्सा. म्हणून या ‘एक’ची निकड लहान नमुने हाताळणाऱ्यांना अधिक भासली. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत. तिथे प्रयोग महाग आणि वेळखाऊ, त्यामुळे हाती येणारे आकडे मोजकेच. त्यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात लहान नमुन्यांच्या सरासरीवर निबंध लिहिला. त्यात व्हेरियन्स n ने भागूनच घेतला होता, पण त्याची अपेक्षा खऱ्याच्या (n − 1)/n पट येते हेही तिथेच काढून दाखवलं होतं. मग त्यांनी आपलं गणित ताडून पाहिलं. 3,000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या मधल्या बोटाची लांबी अशी मोजमापं आधीच प्रसिद्ध झालेली होती. गॉसेट यांनी ती 3,000 पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे 750 नमुने पाडले. चारच्या नमुन्यात n ने भागलेला व्हेरियन्स सरासरीने खऱ्याच्या पाऊणपट यायला हवा. पुठ्ठे पिसून नमुने काढण्याचा खटाटोप मला फार आवडतो, कारण आपण चार चिठ्ठ्यांवर जे केलं तेच त्यांनी 3,000 चिठ्ठ्यांवर, संगणकाची मदत नसताना केलं. पुढे रोनाल्ड फिशर यांनी n − 1 चा आग्रह धरला आणि त्यांच्या 1925 च्या पुस्तकातून तो प्रयोगशाळांमध्ये सर्वत्र पोचला. त्याच्याही कितीतरी आधी, 1823 मध्ये, गाउस यांनी लघुतम वर्गांच्या पद्धतीत निरीक्षणांच्या संख्येतून अज्ञातांची संख्या वजा करून भागायचं हे सिद्ध केलं होतं. आपल्याकडे अज्ञात एकच, μ, म्हणून वजाही एकच. आज ही दुरुस्ती मात्र खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या नावाने ओळखली जाते.

गाळलेल्या पायरीऐवजी वर्गात बहुतेक वेळा एक वेगळं स्पष्टीकरण दिलं जातं. n अंतरांची बेरीज शून्य असते, म्हणून n − 1 अंतरं कळली की शेवटचं आपोआप ठरतं. स्वतंत्र माहिती n − 1 तुकड्यांचीच, म्हणून n − 1 ने भागा. याला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. हे म्हणणं खोटं नाही आणि लक्षात ठेवायला सोपं आहे. पण ते अपुरं आहे, आणि कुठे अपुरं पडतं हे पाहण्यासारखं आहे. त्यात आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असण्याचा उल्लेख कुठेच येत नाही. अंतरांची बेरीज शून्य होणं ही तर निव्वळ बेरजेची गोष्ट आहे, आकडे कसेही गोळा केले तरी ती होणारच. म्हणजे या स्पष्टीकरणावर विसंबलं तर n − 1 प्रत्येक वेळी बरोबर असायला हवा. तो तसा नसतो.

चिठ्ठ्यांकडेच परत जाऊ आणि एकच बदल करू. पहिली चिठ्ठी परत न टाकता दुसरी काढू. आता दोन्ही आकडे सारखे येण्याचे ते 4 नमुने बाद झाले, 12 उरले. n ने भागलेल्या व्हेरियन्सची बेरीज अजूनही 40 च, कारण बाद झालेल्या चारांनी शून्यच दिलं होतं. n − 1 ने भागल्यास बेरीज 80, आणि 80 ÷ 12 म्हणजे सुमारे 6.67. खरा व्हेरियन्स 5. अंतरांची बेरीज आताही शून्यच आहे, एक अंतर कळलं की दुसरं ठरतंच आहे, तरी n − 1 ने भागलेला अंदाज सरासरीने एक तृतीयांशाने जास्त येतो.

बिघाड झाला तो गाळलेल्या पायरीत. पहिली चिठ्ठी 9 ची निघाली तर उरलेल्यांत 9 नाही, म्हणून दुसरी खालची येण्याकडे कल राहतो. एका अंतराचा दुसऱ्याशी केलेला गुणाकार आता सरासरीने शून्य नाही. 16 गुणाकारांच्या शून्य बेरजेतून स्वतःशी केलेले चार गुणाकार, म्हणजे 20, वजा झाले, उरले −20, आणि 12 ने भागून −5/3. ज्या जागी आपण शून्य लिहिलं होतं तिथे ऋण संख्या आली. म्हणून x̄ कमी हेलकावली, नुकसान एका σ² पेक्षा कमी झालं, आणि आपण भरपाई मात्र पूर्ण σ² ची केली.

ही सगळी गोष्ट एका सूत्रात बसते. कुठल्याही दोन आकड्यांमधला सहसंबंध ρ असेल आणि तो सगळ्या जोड्यांसाठी सारखा असेल, तर गाळलेल्या पायरीत शून्याच्या जागी n(n − 1)ρσ² येतो. तो पुढे नेला की

```
E[s²] = σ²(1 − ρ)
```

चिठ्ठी परत न टाकता काढताना ρ = −1/(N − 1) असतो. N म्हणजे मूळ गटातल्या चिठ्ठ्यांची संख्या. आपल्याकडे N = 4, म्हणून ρ = −1/3, आणि 5 × 4/3 म्हणजे पुन्हा तेच 6.67. नमुना सर्वेक्षणाच्या पुस्तकांत मूळ गटाचा व्हेरियन्सही N − 1 ने भागून मांडण्याची पद्धत आहे. नवख्याला ती गोंधळात टाकते, कारण संपूर्ण गट हातात असताना एक वजा करायचं काही कारण दिसत नाही. पण तिथे नमुने परत न टाकताच घेतले जातात, आणि s² ची अपेक्षा नेमकी त्या N − 1 वाल्या राशीइतकी येते. आपल्या चिठ्ठ्यांत 20 ÷ 3. N मोठा असला की हा फरक विरून जातो, म्हणून गॉसेट यांच्या 3,000 पुठ्ठ्यांत त्याची काळजी नव्हती.

प्रत्यक्षात जास्त त्रास देतो तो उलटा, धन सहसंबंध. शेतीतलं उदाहरण घेतो, कारण नमुना सर्वेक्षणाचं बरंच शास्त्र आपल्याकडे पिकाच्या मोजणीतूनच वाढलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्यांची शिस्त लावण्याचं मोठं काम केलं. समजा, एका तालुक्यात ज्वारीच्या उताऱ्यात किती फरक आहे हे पाहायचं आहे. शेतं चिठ्ठ्या टाकून निवडली, प्रत्येकात एक तुकडा कापला, उत्पादन तोललं, तर आकडे जवळपास स्वतंत्र राहतील आणि n − 1 आपलं काम चोख करेल. पण फिरणं वाचवायला कुणी एकच शेत निवडून त्यात पाच तुकडे कापले तर? पाचही तुकड्यांची माती एक, पाणी एक, पेरणीची तारीख एक, राबणारे हातही तेच. ρ जर 0.5 असेल, तर n − 1 ने भागूनही s² सरासरीने खऱ्याच्या निम्माच येईल. 0.8 असेल तर पाचवा हिस्सा. n − 1 च्या जागी n − 2 घालून हे सुधारत नाही, आणि त्याच शेतात पाचाऐवजी पन्नास तुकडे कापूनही नाही, कारण सूत्रात n कुठे उरलेलाच नाही.

त्याहून वाईट म्हणजे या चुकीचा मागमूस त्या पाच आकड्यांत सापडत नाही. ते आपसात छान जुळलेले दिसतात, आणि जुळलेले आकडे पाहून माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या शेतात जाऊन कापणी केली तरच कळतं की शेताशेतांतला फरक शेताच्या आतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. म्हणून व्हेरियन्सचा आकडा समोर आला की भाजक कोणता घेतला हे विचारण्याआधी नमुना कसा गोळा केला हे विचारावं.

आकडे एकामागून एक घेतलेले असतील, उदाहरणार्थ दर तासाचं तापमान, तर मात्र एक तपास करता येतो. लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, असे सगळे n − 1 वर्ग मिळवून 2(n − 1) ने भागायचं. आकडे स्वतंत्र असतील तर या राशीची अपेक्षाही σ² च असते. ती s² पेक्षा बरीच लहान आली तर समजावं की शेजारचे आकडे एकमेकांना धरून चालले आहेत आणि गाळलेल्या पायरीतलं ते शून्य आता शून्य राहिलेलं नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांना आणखी एका ठिकाणी जपावं लागतं. भाजक कोणता, हे प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने ठरवतं. एक्सेलमध्ये VAR.S हे n − 1 ने भागतं आणि VAR.P हे n ने. R मधलं var n − 1 ने भागतं. पायथनच्या नमपायमध्ये var काही न सांगता n ने भागतं, n − 1 हवा असेल तर ddof=1 असं सांगावं लागतं. आपल्या 16 नमुन्यांची पडताळणी अशी:

```python
import numpy as np
p = [3, 5, 7, 9]
print(np.mean([np.var([a, b]) for a in p for b in p]))          # 2.5
print(np.mean([np.var([a, b], ddof=1) for a in p for b in p]))  # 5.0
```

p मध्ये हवे ते आकडे घालून पाहा. दुसरं उत्तर प्रत्येक वेळी त्या आकड्यांच्या खऱ्या व्हेरियन्सइतकं येईल आणि पहिलं त्याच्या निम्मं. आकड्यांची मांडणी घंटेच्या आकाराची असण्याची अट कुठेच लागत नाही. गाळलेली पायरी फक्त स्वतंत्रता मागते, आणि σ² मर्यादित असावा एवढंच.

आता अनबायस्ड या शब्दाची मर्यादा. अनबायस्ड असणं म्हणजे प्रत्येक नमुन्यात जवळचं असणं नव्हे. आपल्या 16 नमुन्यांत n − 1 ने भागलेले अंदाज 0, 2, 8 आणि 18 असे आले. खरा 5 एकाही नमुन्याने दिला नाही. कमी चुकणं हाच निकष धरला, म्हणजे चुकीच्या वर्गाची सरासरी सर्वात लहान हवी असं ठरवलं, तर घंटेच्या आकाराच्या मांडणीसाठी उत्तर n + 1 ने भागणं हे येतं. ते उत्तर सरासरीने कमी पडतं, पण कमी हेलकावतं. n − 1 हा एका विशिष्ट प्रश्नाचा जबाब आहे: सरासरीने नेम बरोबर बसावा.

आणि तोही व्हेरियन्सपुरताच. व्यवहारात आपल्याला बहुधा त्याचं वर्गमूळ लागतं, प्रमाण विचलन, कारण ते मूळ आकड्यांच्याच एककात असतं. s² अनबायस्ड असला तरी s नसतो. आपल्या चिठ्ठ्यांत s च्या किमती 0, 1.41, 2.83 आणि 4.24 अशा, त्या अनुक्रमे 4, 6, 4 आणि 2 वेळा येतात. त्यांची सरासरी सुमारे 1.77 भरते. खरं प्रमाण विचलन 5 चं वर्गमूळ, म्हणजे 2.24. वर्गमूळ मोठ्या आकड्यांना जास्त दाबतं, म्हणून वर चुकणारे नमुने खाली चुकणाऱ्यांची भरपाई पुरती करू शकत नाहीत. या तुटीसाठी सर्व मांडण्यांना लागू पडेल असा एकच भाजक नाही, ती मांडणीच्या आकारावर अवलंबून असते. घंटेच्या आकाराच्या मांडणीसाठी n − 1.5 ने भागून वर्गमूळ घेतलं तर ती बहुतांशी भरून निघते. कारखान्यांत गुणवत्तेचे नियंत्रण-तक्ते आखणारे याच कामासाठी c₄ नावाचा गुणक कोष्टकातून घेतात. पाच-पाच नगांचे नमुने असतील तर तो 0.94 असतो, आणि नमुन्यांमधून आलेल्या s च्या सरासरीला ते 0.94 ने भागतात.